सोळा कागदांचं वजन

८ जुलै, सोमवार. चिपळूण

आज दुकानात एका आजींचा स्टॅम्पपेपर प्रिंटरने खाल्ला. वारस नोंदीसाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. शंभराचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत चौघडी घालून आणलेला. मी तो सरळ करून ट्रेमधल्या गठ्ठ्यावर ठेवला आणि प्रिंट दिली. रोलर दोनदा घसरला. तिसऱ्यांदा कागद तिरका आत गेला आणि खालचा कोरा कागदही त्याला चिकटून गेला. ओढून काढताना स्टॅम्पपेपर मधोमध फाटला. नवा मी माझ्या पैशांनी आणून दिला, पण तोवर आजींची दुपारची एसटी गेली होती. त्या काही बोलल्या नाहीत, बाकावर बसून राहिल्या. मला फार लागलं ते.

दर पावसाळ्यात कागद अडकतात आणि दर पावसाळ्यात आपण “हवाच तशी आहे” म्हणून सोडून देतो. उद्यापासून प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं: किती वाजता, कुठे आणि कोणता कागद.

९ जुलै, मंगळवार

दिवसभरात ११ वेळा. सहा वेळा पडद्यावर `Paper Jam` आलं, पण आत कागदाचा तुकडाही नव्हता. ट्रे ओढून पाहिला तर वरचा कागद जागचा हललाही नव्हता. तीन वेळा दोन-दोन कागद एकत्र गेले आणि मध्येच थांबले. दोन वेळा कागद पार शेवटपर्यंत जाऊन बाहेर पडायच्या तोंडाशी पंख्यासारखा घड्या होऊन बसला.

आजवर या सगळ्याला मी “कागद अडकला” एवढंच म्हणत आले. लिहून काढल्यावर दिसलं की ही तीन वेगळी दुखणी आहेत.

अडकलेला कागद काढायची रीतही आज भाच्याला नीट दाखवली. कागद ज्या दिशेने जात असतो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढायचा. फाटलाच तर तुकडे जुळवून पान पूर्ण होतं का ते पाहायचं. नखाएवढा तुकडा आत राहिला तरी पुढचा कागद तिथेच अडतो.

१० जुलै, बुधवार

मेकॅनिक काका आले. मी वही पुढे केली. त्यांनी ती सहा वेळांची ओळ वाचली आणि म्हणाले, “ताई, हा रोलर. आत कागद नसताना जॅम दाखवतो, कारण मशीन कागदाची वाट बघतं. ठरलेल्या वेळात कागद सेन्सरपाशी पोचला नाही, की ते त्यालाही जॅमच म्हणतं.”

ट्रे बाहेर काढून त्यांनी कागद उचलणारा रबरी रोलर काढला आणि नव्याशेजारी ठेवला. नवा मंद काळा, बोट फिरवलं की अडणारा. आमचा चिंचोक्यासारखा गुळगुळीत आणि चकचकीत, वर पांढरट भुकटी. ही भुकटी कागदातल्या खडूसारख्या भरणाची. ती रबरावर बसत जाते, रबर कडक होतं आणि पकड सुटते. त्याखालचा दोन कागद वेगळे करणारा पॅडही मध्ये खोलगट झिजला होता. काकांनी दोन्ही बदलले. रोलर नवा आणि पॅड जुना ठेवला, तर उचलणं सुधारतं पण जोडीने कागद यायचे थांबत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी गेले वर्षभर रोलर स्पिरिटने पुसत होते. पाण्याने ओलसर केलेलं, धागे न सुटणारं फडकं पुरतं, असं ते म्हणाले. स्पिरिटने त्या दिवशी पकड परत येते, पण पुन्हा पुन्हा लावलं की रबर सुकतं.

११ जुलै, गुरुवार

रिकामा जॅम एकदाही नाही. पण दोन कागद एकत्र जाणं चार वेळा झालं, आणि चारही वेळा सकाळी दुकान उघडल्यापासून तासाभरात. तेव्हाच्या प्रिंटही फिक्या होत्या आणि बाहेर येणाऱ्या कागदावर बारीक वाफ दिसत होती. रोलरचा दोष असता तर त्याने घड्याळ पाहिलं नसतं. रात्रभर ट्रेमध्ये राहिलेला कागदच ओला असणार.

खात्री करायला शेजारच्या सोनारदादांकडे गेले. ए-फोर कागद हा चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून सोळा कागदांचं ग्रॅममधलं वजन म्हणजेच त्याचा जीएसएम. नुकत्याच फोडलेल्या ७५ जीएसएमच्या पाकिटातले सोळा कागद काट्यावर ठेवले: ७५ ग्रॅम. ट्रेमध्ये रात्रभर राहिलेले त्याच पाकिटातले सोळा: ७८ ग्रॅम. तीन ग्रॅम पाणी! दादांनी पुन्हा ठेवून पाहिलं, तेच.

एवढं पाणी हाताला कळत नाही. डोळ्यांना मात्र एक खूण दिसते. गठ्ठा सपाट टेबलावर ठेवला की कडा लाटेसारख्या वरखाली होतात, कारण कडा हवेतला ओलावा मधल्या भागाआधी पितात.

१३ जुलै, शनिवार

उरलं तिसरं दुखणं, तोंडाशी होणाऱ्या घड्या. वहीत पाहिलं तर त्या सगळ्या एकाच स्वस्त गठ्ठ्याच्या. त्याच्या वेष्टनावर जीएसएम छापलेलाच नाही. नव्या पाकिटातले सोळा कागद काट्यावर ठेवले: ६४ ग्रॅम. आमचं मशीन ६० पासून पुढे घेतं, म्हणजे तसा चालायला हवा. मग संगणकावरची सेटिंग उघडली. सोमवारी स्टॅम्पपेपरसाठी कागदाचा प्रकार `Thick` केला होता, तो तसाच राहिलेला. जाड कागदासाठीची उष्णता या पातळ कागदाला मिळत होती. गरम रुळांतून निघताना तो गुंडाळला जाई आणि वळणावर त्याची चुणी होई. `Plain` करून शंभर पानं काढली, एकही अडकलं नाही. तरी हा गठ्ठा आता कच्च्या कामालाच. ओलावला तर त्याच्यात ताठपणा उरणार नाही.

१५ जुलै, सोमवार

रात्री दुकान बंद करताना ट्रे रिकामा करायचा आणि उरलेला कागद झाकणाच्या डब्यात ठेवायचा, हे भाच्याच्या अंगवळणी पडतंय. फोडलेली पाकिटं लोखंडी कपाटात. आजोबा बुरशी लागू नये म्हणून पुस्तकांच्या कपाटात पिवळा बल्ब लावायचे, तसाच ४० वॅटचा मी तळाशी लावला आहे, कागदापासून वीतभर लांब. न फोडलेल्या पाकिटांना ऊब लागत नाही. त्यांच्या वेष्टनालाच आतून ओल अडवणारा थर असतो. ती फक्त जमिनीवरून उचलून फळीवर ठेवली. आज ट्रेमधल्या सोळा कागदांचं वजन ७५ ग्रॅम भरलं.

दुपारी एक काका प्रतिज्ञापत्राला आले. स्टॅम्पपेपर खिशात घामेजलेला. त्यांना बसायला सांगून कागद अर्धा तास कपाटात पसरून ठेवला. मग ट्रेमध्ये न घालता एकेका कागदासाठी असलेल्या फटीतून दिला, सेटिंग `Thick`, आणि मागचं दार उघडं ठेवलं, म्हणजे कागद न वळता सरळ बाहेर पडतो. नीट आला. लगेच सेटिंग `Plain` वर आणली आणि वहीत तशी खूण केली.

“अर्धा तास कशाला घालवता?” असं काकांनी मघाशी विचारलं होतं. त्यांना आजींची गोष्ट सांगितली. मग तेही काही न बोलता बसले. त्यांची एसटी साडेतीनची होती, ती मिळाली.