अवतरणाची स्लाइड

सादरीकरणात एखाद्या माणसाचं वाक्य मोठ्या अक्षरांत एकटंच पडद्यावर येतं, ती स्लाइड मी नेहमी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ देऊन करते. आलेख, नकाशे, तक्ते यांची जबाबदारी संस्थेची असते. पण अवतरणाच्या स्लाइडवर दुसऱ्या माणसाचा शब्द असतो आणि तो बहुधा त्या सभागृहात हजर नसतो.

माण तालुक्यातल्या एका गावाच्या पाणी समितीवर काम करणाऱ्या बाईंची मुलाखत ध्वनिमुद्रित होऊन माझ्याकडे आली होती. त्यातलं एक वाक्य असं होतं : “टँकर बंद झाला, म्हणजे विहिरीला पाणी लागलं ना, त्या दिवशी आमच्या पोरी पहिल्यांदा वेळेवर शाळेत गेल्या.” सगळं सादरीकरण ज्यासाठी होतं, ते या एका वाक्यात होतं. पण मागच्या रांगेतल्या माणसाला ते एका दमात वाचता यायला हवं, म्हणून ते छोटं करणं भाग होतं. बोलताना सहज येणारे ‘बघा’, ‘काय झालं’ यांसारखे शब्द मी निःशंक काढते. मधलं वाक्य मात्र तसं नव्हतं, त्यात माहिती होती. ते काढलं तर तिथे तीन टिंबं द्यायलाच हवीत, नाहीतर बाई बोलल्याच नव्हत्या असं सलग वाक्य आपण त्यांच्या तोंडी घालतो. ‘पोरी’च्या जागी ‘मुली’ करावं अशी एक सूचना आली. ती मी मानली नाही. अवतरणचिन्हांच्या आत प्रमाणभाषेची इस्त्री फिरवायचा अधिकार आपल्याला नाही.

मग ओळी पाडायच्या. माझ्या मते या स्लाइडचं खरं डिझाइन इथेच होतं; रंग आणि नक्षी नंतरच्या गोष्टी. चौकट आखून मजकूर ओतला की संगणक जागा संपेल तिथे ओळ तोडतो. त्याने हे वाक्य असं तोडलं होतं :

“टँकर बंद झाला … त्या दिवशी
आमच्या पोरी पहिल्यांदा
वेळेवर शाळेत
गेल्या.”

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शेवटच्या ओळीत एकटा पडणारा शब्द बहुतेक वेळा क्रियापदच असतो. वाक्याचा सगळा भार ज्याच्यावर आहे तोच शब्द तळाशी सुटा लोंबकळतो. शिवाय ‘पहिल्यांदा’ आणि ‘वेळेवर’ यांची फारकत झाली. त्या पोरी शाळेत पहिल्यांदा गेल्या असा क्षणभर भास होतो. बाईंचं म्हणणं होतं की त्या वेळेवर पहिल्यांदा गेल्या. मी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं आणि त्या जिथे थांबल्या होत्या तिथे ओळी पाडल्या :

“टँकर बंद झाला …
त्या दिवशी आमच्या पोरी
पहिल्यांदा वेळेवर
शाळेत गेल्या.”

तीन टिंबं आता ओळीच्या टोकाला, श्वासाच्या जागी गेली आणि वाचणाऱ्याला अडखळवेनाशी झाली. अशा ओळी पाडताना नुसतं Enter न दाबता Shift+Enter दाबावं. Enter ने नवा परिच्छेद होतो आणि परिच्छेदांमधलं जास्तीचं अंतर ओळींमध्ये घुसतं.

आकाराचं गणित सोपं आहे. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच बाय ७.५ इंचांची असते. त्यावर हे वाक्य मी ४४ पॉइंटांत आणि नाव २० पॉइंटांत ठेवलं. निम्म्याहून कमी असल्याशिवाय नाव वाक्याशी स्पर्धा करायचं थांबत नाही. मजकूर चौकटीत मावावा म्हणून अक्षरं आपोआप लहान करणारी सोय मी सगळ्यांत आधी बंद करते. त्यासाठी मेनूत Do not Autofit निवडायचं. ती सोय चालू राहिली तर दर स्लाइडवर अक्षराचा आकार वेगळा होतो आणि लांबलचक बोलणाऱ्या माणसाचा आवाज उगाचच बारीक होतो. वाक्य मावत नसेल तर ते जास्त लांब आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या सवयीने ठेवून देवनागरीत चालत नाही. वरच्या ओळीतला उकार खाली उतरतो, खालच्या ओळीतली वेलांटी आणि रफार वर चढतात. ‘पडू’च्या बरोबर खाली ‘दर्शी’ आलं की दोघं एकमेकांत अडकतात. ४४ पॉइंटांच्या अक्षराला ६० ते ६२ पॉइंटांचं अंतर मला पुरतं. त्या बाईंच्या वाक्यात एकही उकार नव्हता, त्यामुळे कमी अंतरही चाललं असतं, पण सगळ्या अवतरणांना एकच माप हवं आणि ते सर्वांत अडचणीच्या वाक्यावरून ठरवावं. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नये, शिरोरेषा तुटते. तिरपा टाइपही नको. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये तिरपी अक्षरं मुळात घडवलेलीच नसतात, संगणक सरळ अक्षर ओढून वाकडं करतो. मी Tiro Devanagari Marathi वापरला, कारण त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात आणि त्याच्या जाड-बारीक रेषा मोठ्या आकारात खुलतात.

सजावटीची वेळ आली तेव्हा मजकुरानेच निम्मा निकाल लावला होता. चार ओळी म्हणजे चार शिरोरेषा; पडद्यावर आडव्या रेघा आधीच भरपूर होत्या. वाक्य आणि नाव यांच्यामध्ये आणखी एक रेघ ओढली की ती अक्षर हरवलेल्या शिरोरेषेसारखी दिसते. म्हणून रेघेऐवजी दीड ओळीची मोकळी जागा ठेवली. विहिरीचं छायाचित्र मागे घालायचा आग्रह होता. पण पाण्यावर ऊन चमकत होतं तिथे पांढरी अक्षरं विरत होती आणि सावलीत उठून दिसत होती. एकाच वाक्यातले काही शब्द वाचता यावेत आणि काही नाहीत, हे चालणार नव्हतं. फिकट पार्श्वभूमी, जवळजवळ काळी अक्षरं आणि विटकरी रंगाचं एकच मोठं अवतरणचिन्ह, एवढंच राहिलं. ते चिन्ह स्वतंत्र चौकटीत डावीकडे, समासाबाहेर ठेवलं, म्हणजे चारही शिरोरेषा एकाच उभ्या कडेवरून सुरू होतात. आत राहिलं असतं तर पहिली ओळ बोटभर सरकली असती.

नावाच्या ओळीवर सगळ्यांत जास्त चर्चा झाली. मसुद्यात ‘एक ग्रामीण महिला’ असं होतं. बाईंनी नाव द्यायला संमती दिली होती, मग ते का गाळायचं? शेवटी पूर्ण नाव, त्याखाली ‘सदस्य, पाणी समिती’, गाव, तालुका आणि मुलाखतीचा महिना-वर्ष असं लिहिलं. संमती नसेल तर नाव देऊ नये, पण भूमिका आणि ठिकाण तरी द्यावं.

थोरामोठ्यांच्या वाक्यांबाबत तर नाव हीच परीक्षा असते. मतभेद असला तरी दुसऱ्याच्या बोलण्याच्या हक्कासाठी लढेन, या आशयाचं वाक्य जगभर व्होल्टेअरच्या नावावर मिरवतं. ते लिहिलं एव्हलिन बिअॅट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने, व्होल्टेअरवरच्या १९०६ सालच्या पुस्तकात, त्याची वृत्ती सांगताना. आपल्याकडे पु. ल. आणि व. पु. यांच्या नावावर फिरणाऱ्या मजकुराचीही अशीच गत आहे. पुस्तक आणि पान सापडत नसेल तर ते वाक्य मी घेत नाही, कितीही सुंदर असलं तरी.

सभागृहातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर दुसरा येतो आणि जपून पाडलेल्या ओळी पुन्हा मोडतात, म्हणून फॉन्ट फाइलमध्येच जोडा आणि सोबत पीडीएफ ठेवा. आणि पडद्यावर नेण्याआधी ती स्लाइड ज्याचं वाक्य आहे त्याला पाठवा. फोनवर दिसेल अशी प्रत पुरते. ‘मी असंच म्हणालो होतो’ हे त्याच्याकडून आल्यावरच ती दाखवा.