मामूंची ईदी

आमचे मामू वडशाला राहतात. वय ऐंशीच्या घरात. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी लहानपणीचा नाद पुन्हा हाती घेतला, तो टपाल तिकिटं आणि जुनी नाणी जमवायचा. आम्ही तीन भावंडं चंद्रपुरात, अम्मीजवळ. दर ईदला मामूंना काय द्यायचं हा आमच्या घरातला जुना प्रश्न आहे. कपडे ते नको म्हणतात, मिठाई डॉक्टरांनी बंद केलेली. तेव्हा एका ईदला आम्हीच ठरवलं की यंदा त्यांच्या नादातलं काहीतरी द्यायचं. त्या नादातलं आम्हाला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं.

दादीच्या डब्यात राणीछाप चांदीचे दोन रुपये होते. एकावर १८६२ साल. काळे पडले होते, म्हणून आम्ही ते चिंचेच्या कोळात भिजवले, भांडी घासायच्या पुडीने घासले आणि मऊ कपड्याने पुसून लख्ख केले. सोनाराकडून मखमली डबी आणली. मामूंनी डबी उघडली, नाणी हातात घेतली, उजेडाकडे तिरकी धरली आणि म्हणाले, "जीते रहो." एवढंच. त्यांचा चेहरा मात्र आम्ही ओळखला. मेहमानाने खीर खारट केली तरी आपण गोड म्हणतो, तसा.

काय चुकलं ते त्यांनी पुढच्या वेळी, तेही आम्ही खोदून विचारल्यावर सांगितलं. चांदीवर वर्षानुवर्षांत जो काळसर, कुठे निळसर थर चढतो, तो जमवणाऱ्याच्या लेखी मळ नसतो. नाणं कुणी छेडलेलं नाही याचीच ती खूण असते. पुडीतल्या बारीक कणांनी नाण्यावर केसासारखे ओरखडे पडतात. सरळ बघितलं तर ते दिसत नाहीत, पण दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवलं की सगळे एका दिशेने चमकतात. राणीच्या केसांच्या आणि मुकुटाच्या रेषाही बोथट होतात. असं नाणं परत पूर्वीसारखं करता येत नाही, काळं पडू दिलं तरी ओरखडे राहतातच. "तुम्ही दादीच्या डब्यातून काढून तसेच काळे आणले असते," मामू म्हणाले, "तर मी नाचलो असतो."

साल १८६२ असल्याने ते फार दुर्मिळ असावेत असं आम्हाला वाटलं होतं. तेही तसं नाही. १८६२ हेच साल घालून टाकसाळींनी पुढे बारा वर्षं, १८७४ पर्यंत रुपये पाडले, म्हणून ते साल घरोघरी सापडतं. मामूंनी आमच्यासमोर रुपया छोट्या काट्यावर ठेवला. या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. आपल्या आयाबायांचा तोळा तो हाच. झिजलेला रुपया थोडा कमी भरतो, पण नऊ-साडेनऊ ग्रॅमच भरला तर तो ओतीव नकली समजावा. आमचे खरे निघाले, तेवढंच समाधान. दादीच्या पिढीत अशा रुपयांना कडी डाखून गळ्यात घालत. तसा डाख असला तर जमवणाऱ्याच्या लेखी त्याला चांदीपलीकडे किंमत राहत नाही, पण तो दागिना म्हणून घरात ठेवावा, डाख काढायला सोनाराकडे तर मुळीच नेऊ नये.

पुढच्या वर्षी आम्ही विकत काहीतरी घ्यायचं ठरवलं, आणि बरं झालं की आधी मामूंच्या नातवाला विचारलं. बाजारात कलमा आणि चारही खलिफांची नावं असलेले 'अकबरी रुपये' मिळतात. दिसायला फार देखणे. आमच्या घरात तर हात लगेच खिशाकडे गेला. अकबराच्या खऱ्या रुपयावर कलमा आणि ही नावं असत हे खरंच आहे, पण बाजारातले बहुतेक त्याच्या नकला असतात, लोक बरकतीसाठी जवळ ठेवत म्हणून पाडलेल्या. तसेच ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे आणि १८१८ सालचे, देवादिकांची चित्रं असलेले तांब्याचे तुकडे. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. आणि सातशे शहाऐंशीच्या नोटा! हिशेब सोपा आहे. नोटांचे आकडे ओळीने छापले जातात, म्हणून दर हजार नोटांत एक शेवटी ७८६ घेऊन येतेच. तिला लाखो रुपये देतो म्हणणारा आधी आपल्याकडूनच 'कमिशन' नाहीतर 'कर' मागतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली आपलं नाव वापरून चाललेल्या अशा व्यवहारांविरुद्ध लोकांना सावध केलं होतं.

आमच्या भागात आणखी एक मोह आहे. हा गोंड राजांचा मुलूख, वैरागड, बल्लारपूर, चंद्रपूरचा परकोट. नांगरताना, पाया खणताना काहीतरी मिळालं असं सांगत कुणीतरी रुमालात नाणी बांधून आणतो. ती खोटी असली तर पैसे गेले. खरी असली तर अधिक पंचाईत, कारण १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. मामू म्हणतात, रुमालातलं नाणं बघायचं सुद्धा नाही, बघितलं की मन फिरतं.

"मग द्यायचं तरी काय?" आमच्यातल्या धाकटीने शेवटी विचारलंच.

मामूंनी उलट विचारलं, "दूल्हाभाईंची ती पत्र्याची पेटी आहे का अजून?"

अब्बा आलापल्लीला लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. सागवानाचा हंगाम असेतो तिकडेच राहत आणि पत्रं लिहीत. ती सगळी पेटीत होती. आम्हाला वाटलं मामूंना तिकिटं हवीत, म्हणून एका भावाने पाण्याची परातही आणली, भिजवून सोडवायला. मामू जवळजवळ ओरडले. ती तिकिटं त्या काळी लाखांनी छापली गेली, सुटी करून त्यांचं काय करायचं? मामू जमवतात ते आपल्या मुलखातल्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के. शिक्का पाकिटावर अर्धा आणि तिकिटावर अर्धा असतो. तिकीट सोडवलं की दोन्ही मेले. म्हणून पाकीट अख्खं द्यायचं, कोपरा कापायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, पिन टोचायची नाही, आणि प्लास्टिकच्या चिकट पिशवीत तर ठेवायचंच नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात तिच्या आत घाम धरतो आणि कागदावर तांबूस ठिपके पडतात. कोरा पांढरा कागद घडी करून त्यात ठेवलं की पुरे.

त्या शिक्क्यांत काय आहे हे पेटी पुढ्यात घेऊन बसल्यावर कळलं. अब्बांच्या पाकिटांवर आमच्या शहराचं नाव चांदा आहे, चंद्रपूर हे नाव साठच्या दशकात आलं. आलापल्ली तेव्हा याच चांदा जिल्ह्यात होती, गडचिरोली जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. पत्त्यात पिनकोड नाही, कारण तो १९७२ सालचा. तिकिटावर हिंदुस्थानचा नकाशा आणि 'नये पैसे' असेल तर पत्र एप्रिल १९५७ नंतरचं. मामू भिंग घेऊन एकेक पाकीट खिडकीकडे धरत होते. शिक्का पुसट असेल तर सरळ नाही, तिरक्या उजेडात बघायचा.

पण पत्रं ही पत्रं असतात. प्रत्येकाच्या माथ्यावर अब्बांच्या हातचं ७८६. बिस्मिल्लाह पूर्ण लिहिलं आणि कागद कुणाच्या पायाखाली आला तर बेअदबी होईल, म्हणून ते आकडे लिहीत. काही उलमांना ही रीत मान्य नाही, ते अब्बांनाही ठाऊक होतं. (नाण्यांवरचा कलमा औरंगजेबाने याच विचाराने बंद केला, ही मामूंची पुस्ती.) आम्ही पेटीचे दोन भाग केले. ठेकेदाराचे हिशेब, भावकीची पत्रं, कोरी पाकिटं मामूंना. अम्मीला लिहिलेली पत्रं घरात. पाकिटातून पत्र काढताना मागे बारीक पेन्सिलीने सारखाच आकडा घातला, म्हणजे कुठलं पत्र कुठल्या पाकिटातलं ते हरवू नये.

अम्मीच्या पत्रांची पाकिटं तेवढी मामूंना दाखवली. त्यातल्या एकावर ते थांबले. समोर आलापल्लीचा शिक्का, २९ जून १९५७. मागच्या बाजूला चांद्याचा, पोचल्याचा, ११ जुलै. त्या काळी पत्र पोचलं की मागे तिथलाही शिक्का मारत. मामूंनी बोटांवर दिवस मोजले. बारा. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन आलापल्लीचा रस्ता तुटायचा, टपालाची थैली पलीकडेच पडून राहायची.

त्या वर्षी बकरीद जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात होती, आणि लग्नानंतरची पहिलीच. अब्बा आले नाहीत. 'मला मालाच्या गाड्या सोडून निघता येणार नाही' हे पत्र ईद झाल्यावर मिळालं. अम्मीने हे आम्हाला किती वेळा ऐकवलं असेल: तुमच्या अब्बांना ईद सरल्यावर बायको आठवली. अब्बा हसून सोडून द्यायचे. त्यांनाही कुठे ठाऊक होतं की पत्र कधी पोचलं.

मामूंनी पाकीट बहिणीच्या हातात दिलं आणि भिंग तिच्या डोळ्याशी धरलं. तिला आकडे दिसेनात, म्हणून त्यांनीच दोन्ही तारखा वाचून दाखवल्या. अम्मीने दोनदा विचारलं, "जूनची ना? ईदच्या आधीची?"

"दहा दिवस आधीची, आपा."

त्या पाकिटाचा मामूंनी फक्त फोटो घेतला. आलापल्लीचा इतका स्वच्छ शिक्का त्यांच्या अल्बमात नाही, हे ते दोनदा बोलले, पण मागितलं नाही. पाकीट आता अम्मीच्या उशाशी असतं, पांढऱ्या कागदाच्या घडीत.

यंदा मामूंच्या नातवाने आणखी एक वाट दाखवली, ज्यांच्या घरात पेटी नाही त्यांच्यासाठी सोयीची. नागपूरच्या मुख्य टपाल कचेरीत तिकीट जमवणाऱ्यांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे मामूंच्या नावाने खातं उघडायचं, कमीत कमी दोनशे रुपये भरून. नवं तिकीट निघालं की खात्यातून पैसे कापून ते घरपोच येतं. आम्ही पाचशे भरले. पहिलं पाकीट वडशाला पोचलं तेव्हा मामूंनी फोन करून आधी सांगितलं ते आतल्या तिकिटांचं नाही. पाकिटावर वडशाचा शिक्का पुसट उमटलाय, पोस्टमास्तरांना सांगून यायला हवं, म्हणाले.