बारा हातांची पत्रे, एक मायना

एखाद्या संस्थेतून बाहेर जाणारी पत्रे जेव्हा अनेक माणसे लिहितात, तेव्हा त्या पत्रांमध्ये दिसणारा फरक दोन निरनिराळ्या कारणांनी निर्माण झालेला असतो. काही फरक पत्र कोणाला जात आहे यावरून येतो, तर काही केवळ ते कोणी लिहिले यावरून येतो. पहिल्या प्रकारचा फरक राखायचा असतो आणि दुसऱ्या प्रकारचा काढून टाकायचा असतो. दोन्ही प्रथमदर्शनी सारखेच दिसत असल्याने, एकसारखेपणाच्या भरात पहिलाही पुसला जाण्याचा धोका असतो. सावनेर तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या, म्हणजे शेतकऱ्यांनी सभासद होऊन स्थापन केलेल्या व्यापारी संस्थेच्या, कार्यालयातील बारा ईमेल नव्याने लिहून देण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले, तेव्हा ही निवड प्रत्येक ओळीत करावी लागली.

ते ईमेल आंबिया बहराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुलून दिवाळीच्या सुमारास तोडणीला येणाऱ्या संत्र्याच्या, हंगामातील होते. लिहिणाऱ्यांमध्ये लेखापाल, प्रतवारी शेडचा प्रमुख, वाहतूक पाहणारा कर्मचारी आणि सभासदांशी संपर्क ठेवणारी तरुण कर्मचारी अशी माणसे होती. पत्रे व्यापारी, बँक, कृषी विभाग आणि सभासद शेतकरी यांना जाणार होती. लेखापालाचा मायना, म्हणजे पत्राच्या आरंभीचे संबोधन आणि अभिवादन, ‘महोदय, स.न.वि.वि.’ असा जुन्या वळणाचा होता. शेडप्रमुख ‘नमस्कार सर’ म्हणून थेट मालावर येत होता. तर सभासदांना जाणाऱ्या पत्रात ‘आदरणीय काका’ असे लिहिले होते.

पत्र कोणाच्या हातचे आहे हे मायन्यावरून व शेवटावरून कळू नये, ही अपेक्षा मराठीला नवी नाही. मराठेशाहीच्या दफ्तरात मजकूर निरनिराळे कारकून लिहीत असले, तरी कोणाला कोणता मायना लावायचा याची रीत ठरलेली असे आणि मजकूर संपताच समाप्तीची मुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटवली जात असल्याने त्यापुढे कोणाला काही भरता येत नसे. आजच्या शासकीय व्यवहारातही अर्धशासकीय पत्र व्यक्तीच्या नावाने संबोधून सुरू होते, तर ज्ञापनाला मायना नसतो आणि ‘आपला विश्वासू’ही नसते. मायना लिहिणाऱ्याच्या स्वभावावर न सोडता पत्राच्या प्रकाराशी बांधला, तर तो टिकतो, हे या जुन्या-नव्या दोन्ही रीतींवरून दिसते. त्यामुळे सावनेरच्या पत्रांसाठी अभिवादन म्हणून सर्वत्र ‘नमस्कार’ हा एकच शब्द ठरवण्यात आला आणि त्याआधीचे संबोधन मात्र पत्र घेणाऱ्यानुसार बदलते ठेवण्यात आले. कार्यालयांना पदनाम, व्यापाऱ्यांना नाव, आणि वडीलधाऱ्या सभासदांना नावापुढे ‘काका’ किंवा ‘काकू’ असे त्याचे स्वरूप राहिले. हे ‘काका’ काढून टाकावे असा आग्रह कार्यालयात झाला होता, परंतु ते नाते लिहिणाऱ्या मुलीच्या लकबीचे नसून गावातले आहे, आणि तेथे ‘महोदय’ आले असते तर सभासदाला ती बँकेची नोटीस वाटली असती.

समारोपाच्या बाबतीत मराठीची स्वतःची एक अडचण आहे. ‘आपला विश्वासू’ ही अखेर पुरुषाच्या सहीखाली बसते, स्त्रीच्या सहीवर ती ‘आपली’ होते आणि संस्थेच्या वतीने लिहिले की ‘आपले’ होते. त्यामुळे एकच ठरीव ओळ सर्वांना देता येत नाही. येथे ‘कळावे’ एवढ्यावर थांबून खाली नाव, पद आणि कंपनीचे नाव असा क्रम ठेवल्याने लिंगाचा प्रश्न उरला नाही. तरीही पहिल्या चाचणीत काही पत्रांना दोन शेवट दिसले, कारण ईमेलच्या व्यवस्थेत प्रत्येकाने पूर्वीच साठवून ठेवलेली सही ‘धन्यवाद व शुभेच्छा’ या शब्दांसह आपोआप जोडली जात होती. लिहिण्याच्या चौकटीत हे नीट लक्षात येत नाही; प्रत्येकाने स्वतःलाच एक पत्र पाठवून पाहिले, तरच ते उघड होते.

मायना आणि समारोप जुळले, तरी आवाज जुळतोच असे नाही, कारण आवाज मुख्यतः क्रियापदात असतो. शेडप्रमुखाच्या पत्राचा मजकूर साधारण असा होता: ‘गाडी उद्या पाठवून राहिलो. कॅरेट २०० आहे. डागी माल वेगळा केला. मागच्या पैशाचं लवकर बघजा. भाड्याचं आपण अर्धं अर्धं करू.’ ‘पाठवून राहिलो’ आणि ‘बघजा’ ही या भागातील बोलण्याची सहज रूपे आहेत आणि बोलताना ती पुरेशी अदबशीरही आहेत. लेखी पत्रात त्यांची जागा ‘पाठवत आहोत’ आणि ‘बघावे, ही विनंती’ यांनी घेतली, आणि विनंतीचे हेच ‘-आवे’ रूप बाराही पत्रांत कायम करण्यात आले. ‘लवकर’ या शब्दाच्या जागी मात्र ‘या आठवड्यात’ असे लिहिण्याचा मोह टाळावा लागला, कारण भाषा नीटनेटकी करताना मूळ पत्रात नसलेली मुदत घातली, तर ती कंपनीची मागणी ठरते.

खरी गुंतागुंत शेवटच्या वाक्यातील ‘आपण’मध्ये होती. मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ही असते आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आम्ही’ही असते. मूळ पत्रांत व्यापाऱ्यासाठी ‘तुम्ही’ होते, त्यामुळे ‘आपण अर्धं अर्धं करू’ याचा अर्थ स्पष्ट होता; पण आदरासाठी सर्वत्र ‘तुम्ही’च्या जागी ‘आपण’ घातल्यावर एकाच पत्रात दोन अर्थांचा ‘आपण’ वावरू लागला आणि भाडे कोण भरणार याचा निर्णय वाचणाऱ्यावर सुटला. यावर नियम असा ठरला की पत्र घेणाऱ्यासाठी ‘आपण’, कंपनीसाठी ‘आम्ही’, आणि दोघांचा मिळून उल्लेख असेल तेथे सर्वनाम न वापरता दोन्ही पक्षांची नावे घ्यायची. त्यानुसार ते वाक्य ‘भाड्याची निम्मी रक्कम कंपनी देईल व निम्मी आपण द्यावी, ही विनंती’ असे झाले, आणि शेडप्रमुखाला तोच अर्थ अभिप्रेत होता का, हे त्याला विचारून घेतल्यावरच ते कायम केले. ‘मी’ फक्त तेथे राहिला, जेथे लिहिणाऱ्याने स्वतः काही पाहिले होते. फळांवरील डाग ज्याने तपासले, त्यानेच ‘मी तपासले’ म्हणणे योग्य होते.

पत्रे आली त्या क्रमाने लिहीत गेल्यास आवाज हळूहळू घसरतो. आरंभीची पत्रे ताठर होतात आणि शेवटची सैल. म्हणून सर्वांत मध्यम वळणाचे, माल निघाल्याची साधी सूचना देणारे, पत्र आधी पूर्ण करून ते नमुना म्हणून समोर ठेवले आणि प्रत्येक पत्र आधीच्या पत्राशी न ताडता त्या नमुन्याशी ताडले. अखेरीस पूर्ण पत्रे न वाचता बाराही पत्रांचे फक्त आरंभ एका पानावर आणि फक्त शेवट दुसऱ्या पानावर उतरवून वाचले, कारण मजकूर डोळ्यांसमोर नसला की वेगळी पडलेली ओळ लगेच खटकते. शब्द शोधतानाही ‘तुम्ही’ शोधून भागत नाही, कारण ‘तुमचा’, ‘तुम्हाला’ ही रूपे त्यात सापडत नाहीत. ‘तुम’ एवढेच शोधावे लागते.

या सगळ्यातून एक पत्र बाहेर ठेवावे लागले. एका सभासदाच्या निधनानंतर त्याच्या कुटुंबाला जाणाऱ्या त्या पत्रात थकीत रकमेचा हिशेबही होता. तेथे ‘नमस्कार’ आणि ‘कळावे’ दोन्ही खटकत होते, आणि विनंतीचे रूप तर अगदीच परके वाटत होते. हिशेब वेगळ्या पत्रात काढून तो नेहमीच्या रीतीने लिहिला. सांत्वनाचे पत्र ज्या कर्मचाऱ्याचे त्या घरी जाणे-येणे होते, त्याच्याच शब्दांत, केवळ शुद्धलेखन तपासून, जसेच्या तसे जाऊ दिले.