अग्रलेखातले शब्द वहीत घेताना



राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि बारामती-इंदापूरच्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या आम्हा सगळ्यांचे एक सोंग उघडे पडले. सोंग म्हणजे आमच्या शब्दसंग्रहाच्या वह्या. दोनशे पानी वही, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, एपासून झेडपर्यंत. रोज वर्तमानपत्र वाचायचे, अडलेला शब्द उतरवायचा आणि पान उलटायचे. चार महिन्यांत वही भरली. मग सरावासाठी निबंध लिहायला बसलो तेव्हा त्या वहीतला एकही शब्द हाताशी येईना. जो आला तो चुकीच्या जागी बसला.

आमच्यातल्या एकीने लिहिले होते की सरकारने वयोमर्यादा 'मिटिगेट' करावी. तिच्या वहीत त्या शब्दाचा अर्थ 'कमी करणे' असा होता, आणि अर्थ म्हणून तो चूक नव्हता. पण इंग्रजीत नुकसान, धोका, दुष्परिणाम मिटिगेट होतात, वयोमर्यादा नाही. तिला अर्थ माहीत होता, शब्दाची सोयरीक माहीत नव्हती. मराठीतही हेच आहे. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटते, लांबते, बंद होते. 'आवर्तन केले' असे इंदापूरच्या टेलचा शेतकरी कधीच म्हणणार नाही. त्याला हे कुणी शिकवलेले नाही, त्याने शब्द कायम त्याच्या सोबत्यांसह ऐकला. आम्ही मात्र शब्द एकटा उचलत होतो.

म्हणून वही बदलली. आता एका दिवशी एकच अग्रलेख. तो आधी एकदा पेन न उचलता वाचायचा आणि संपादकाचे म्हणणे दोन ओळींत तोंडी सांगायचे. सांगता आले नाही, तर त्या दिवशी काहीही टिपायचे नाही, कारण युक्तिवाद न समजता उचललेला शब्दप्रयोग पुढे दगा देतो. दुसऱ्या वाचनात फार तर पाच शब्दप्रयोग घ्यायचे आणि तेही क्रियापदासकट. वहीत विषयवार वीस-वीस पाने राखलेली आहेत: आरक्षण व न्यायालय, पाणी व शेती, श्रम, शिक्षण, अत्याचार व पोलीस. शेवटी एक भाग फक्त युक्तिवादाच्या जोडण्यांसाठी आहे. 'हे मान्य केले तरी', 'यावरून असा निष्कर्ष निघत नाही की', 'प्रश्न केवळ अमुकचा नाही'. हे प्रयोग कुठल्याच विषयाचे नसतात आणि निबंधात सगळ्यात जास्त तेच लागतात. प्रत्येक नोंदीपुढे वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख. ती का, ते पुढे सांगतो.

आरक्षणाचे पान आम्ही एका निकालावरून भरले. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा राज्यांचा अधिकार मान्य केला. पुढचे काही दिवस मराठी-इंग्रजी वर्तमानपत्रांत त्यावर अग्रलेख येत होते. एकाच विषयावर चार-पाच अग्रलेख सलग वाचण्याचा फायदा असा की तेच शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा भेटतात आणि कुठला मोजका, कुठला सैल, हे आपोआप कळू लागते. पहिली नोंद होती 'एकजिनसी वर्ग'. २००४ च्या चिन्नय्या निकालात अनुसूचित जाती हा एकजिनसी वर्ग मानला होता. इंग्रजीत 'होमोजिनिअस क्लास'. दुसरी नोंद 'निकाल रद्दबातल ठरवणे', म्हणजे 'ओव्हररूल'. इथे आमच्या अर्ध्या मुलांनी 'चिन्नय्या निकालाला स्थगिती दिली' असे लिहिले. स्थगिती म्हणजे तात्पुरते थांबवणे. हा फरक कळला नाही, तर सगळा परिच्छेदच खोटा होतो. तिसरी नोंद 'मोजता येण्याजोगी आकडेवारी', जिच्या आधाराशिवाय राज्याला मनमानी वर्गीकरण करता येणार नाही. चौथी 'असहमतीचा निकाल', जो न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांनी दिला. पाचवी 'मत व्यक्त करणे'. क्रीमी लेयरबद्दल चार न्यायमूर्तींनी मत व्यक्त केले. पीठापुढचा मूळ प्रश्न तो नव्हता. 'न्यायालयाने क्रीमी लेयर लागू केली' असे जो निबंधात लिहितो, त्याचे कायद्याचे वाचन नाही हे तपासणारा एका ओळीत ओळखतो.

या निकालावर आपल्याच चळवळीत दोन मते आहेत, आमच्या गटातही होती, आणि वाद आजही मिटलेला नाही. पण त्या पाच प्रयोगांनंतर भांडण निदान खऱ्या मुद्द्यावर होऊ लागले.

आता तारखेचे आणि नावाचे. अग्रलेखातला शब्दप्रयोग उचलताना त्यातली नजरही घरात येते. 'अत्याचार' या पानावर आम्ही सुरुवातीला 'दोन गटांत हाणामारी', 'गावात तणावपूर्ण शांतता', 'घटनेला जातीय रंग' असे प्रयोग भक्तिभावाने उतरवले होते. भाषा म्हणून ते सफाईदार आहेत. पण वस्तीवर येऊन एकतर्फी मारहाण झालेली असताना 'दोन गटांत हाणामारी' लिहिले की मारणारा आणि मार खाणारा एका ओळीत उभे राहतात. 'जातीय रंग' म्हटले की जात आधी नव्हतीच, कुणीतरी नंतर फासली, असे होते. आरक्षणाच्या पानावर 'सवलती', 'गुणवत्तेशी तडजोड' असेच आले होते. संविधानाच्या कलम १६(४) मधला शब्द मात्र प्रतिनिधित्वाचा आहे: राज्याच्या सेवांमध्ये पुरेसे प्रतिनिधित्व नसलेला मागासवर्ग. सवलत कुणीतरी देतो. प्रतिनिधित्व हा वाटा असतो.

म्हणून पानाच्या मध्ये एक रेघ मारली. डावीकडे छापून आलेला प्रयोग, उजवीकडे आम्ही काय लिहू. डावीकडचे खोडायचे नाही, कारण परीक्षेत उतारा समजायला आणि सभेत उत्तर द्यायला ते कळावेच लागतात. 'दोन गटांत हाणामारी'समोर आता 'अमुक जमावाने वस्तीवर हल्ला केला' आहे. वाक्यात कर्ता परत आला एवढाच फरक. मात्र वस्तुस्थिती कळलेली नसेल तर उजवी बाजू कोरी ठेवायची. एकदा घाईने कर्ता घातला आणि माहिती चुकीची निघाली. नंतर ते वाक्य आम्हालाच खोडावे लागले.

ही युक्ती आमची नाही. बाबासाहेबांनी एप्रिल १९२७ मध्ये पाक्षिक काढले, त्याचे नावच पाहा: 'बहिष्कृत भारत'. 'अस्पृश्य' म्हटले की दोष त्या माणसाच्या अंगी असल्यासारखा वाटतो. 'बहिष्कृत' म्हटले की लगेच विचारावे लागते, बहिष्कार कुणी घातला? शासनाने पुनर्मुद्रित केलेल्या खंडातले त्यांचे अग्रलेख आम्ही महिन्यातून एक घेतो. त्यातली मराठी आजच्या परीक्षेत जशीच्या तशी चालत नाही. वाक्ये लांब, संस्कृत शब्द बरेच. तिथून शब्द न घेता विरोधकाचे म्हणणे आधी पूर्ण मांडून मग खोडण्याची रीत घेतो. आमच्या जोडण्यांच्या पानावर तिथून काही भर पडली आहे.

पाठ झाले की नाही हे कळायला एकच कसोटी ठेवली आहे. सात दिवसांनी पान झाकायचे आणि त्यातले तीन प्रयोग वापरून आपल्या तालुक्याबद्दल पाच वाक्ये लिहायची. निकालाबद्दल नाही, तालुक्याबद्दल, नाहीतर अग्रलेखातलेच वाक्य आठवून उतरवले जाते. गेल्या खेपेला पाण्याच्या पानावरून 'मृतसाठा', 'समन्यायी वाटप' आणि 'हे मान्य केले तरी' असे तीन प्रयोग निघाले होते. उजनीच्या काठच्या एका मुलाने लिहिले: धरण उण्यात गेले की बातमी होते हे मान्य केले तरी, धरण भरलेले असतानाही आमच्या वस्तीच्या नळाला पाणी येत नाही, त्याची बातमी होत नाही. 'समन्यायी वाटप' त्याला बसवता आले नव्हते, म्हणून त्या प्रयोगापुढे पेन्सिलीची फुली आहे आणि येत्या रविवारी तो पुन्हा विचारायचा आहे.