दाराआडचा खेळ

पूर्वी वाढदिवस हा घरातल्या घरात उरकण्याचा समारंभ होता. आईने पाटावर बसवून ओवाळले, हातावर शिऱ्याची वाटी ठेवली, की त्या वर्षापुरता प्रश्न मिटला. आता वाढदिवसाला पाहुणे येतात, आणि ते सगळे चार ते दहा वर्षांचे असतात. पाच वाजता बोलावलेली ही मंडळी साडेपाचला जमतात. केक मात्र साडेसहाला कापायचा असतो, कारण वाळूजच्या कंपनीतून बाबा तेव्हा घरी पोचतात. या मधल्या तासात वीस-पंचवीस मुले दिवाणावरून उड्या मारतात, फुगे फोडतात आणि एकमेकांना रडवतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडच्या औरंगाबादेत, माझी भाची या मधल्या तासावर आपला चरितार्थ चालवते. ती बाहुल्यांचा खेळ करते.

ती ज्या बालवाडीत शिकवत होती, ती २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली आणि पुन्हा उघडलीच नाही. दोन वर्षे इकडेतिकडे शिकवण्या करून झाल्यावर तिने हा बेत काढला, तेव्हा तिचे वडील म्हणाले, "आता दारोदार बाहुल्या नाचवायच्या राहिल्या होत्या!" मी शाळामास्तर आणि वर कादंबऱ्या लिहिणारा, म्हणून निवाड्यासाठी प्रकरण माझ्याकडे आले. मी एवढेच म्हटले, की दारोदार जाणाऱ्यांनीच आपल्याकडे गोष्टी जिवंत ठेवल्या. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणचे नाव ज्या चित्रांना मिळाले, ती चित्रकथींची चित्रे आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जपून ठेवली आहेत. एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली कथा सांगत चित्रकथी गावोगाव हिंडत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी ही कला आणि कळसूत्री बाहुल्या दोन्ही सांभाळल्या, आणि त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पद्मश्रीचे नाव निघाल्यावर मेव्हणे गप्प बसले. पटले म्हणून नव्हे, पण गप्प बसले.

मग बाहुली कोणती, हा प्रश्न आला. अर्धवटराव सगळ्यांनाच ठाऊक. यशवंत केशव पाध्ये यांनी त्याला बोलते केले आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तो घराघरांत पोचवला. पण शब्दभ्रमात माणूस बाहुलीसह उघड्यावर बसतो आणि ओठ न हलवता बोलतो. त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. कळसूत्री बाहुलीला वरून दोरे सोडायला उंच रंगमंच हवा. राहिली हातात घालायची मोज्याची बाहुली. तिच्यात खेळ करणारा पडद्याआड असतो, त्यामुळे त्याने खुशाल तोंड हलवावे.

तर्जनी बाहुलीच्या मानेत, अंगठा एका हातात आणि मधले बोट दुसऱ्या हातात, अशी तिची रचना. भाचीने कागदाच्या लगद्यात मेथीची पूड आणि खळ मिसळून संत्र्याएवढी दोन डोकी केली. लगदा किडू नये म्हणून मेथी घालतात. मान म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची नळी. ती तर्जनीच्या दुसऱ्या पेरापर्यंत घट्ट बसली पाहिजे. सैल असली की डोके लुळे पडते आणि बाहुली आजारी दिसते. डोके जड झाले तर त्याहून वाईट. हात दहा मिनिटांत भरून येतो, मनगट पुढे झुकते आणि बाहुली मुलांऐवजी जमिनीकडे पाहू लागते. खेळ करणाऱ्याला हे पडद्याआडून कळत नाही. कळते ते मुलांवरून. बाहुलीची नजर सुटली, की एक-दोन मिनिटांत मुले आपसांत बोलू लागतात. म्हणून भाची आरशासमोर हात वर धरून बसायची. आधी पाच मिनिटे, मग दहा, आणि महिन्याभराने वीस.

खेळाची लांबी ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. गोष्ट निवडली चिमणी आणि कावळ्याची, जी या मुलांच्या आज्यांनाही येते. तिच्या पहिल्या खर्ड्यात पाच पात्रे होती आणि खेळ चाळीस मिनिटांचा होता. पण हात दोनच. तिसरे पात्र आणायचे तर एक बाहुली काढून दुसरी घालावी लागते, आणि त्या दहा सेकंदांत पडद्यावर काहीच नसते. मोठ्यांना दहा सेकंद कळत नाहीत, मुले तेवढ्यात उठून पडद्यामागे येतात. म्हणून पोपट गेला, म्हातारी गेली, ढगही गेला. उरले चिऊ, काऊ आणि मध्ये पुठ्ठ्याचे एक दार. पाऊस तांदूळ भरलेल्या डब्याच्या आवाजात पडू लागला, आणि दारावरची टकटक खऱ्या लाकडी फळीवर वाजू लागली.

आता हिशेब असा झाला. काऊ येतो आणि पावसात त्याचे घर वाहून जाते, याला दोन मिनिटे. मग तो तीनदा दार ठोठावतो आणि तीनदा चिऊ बाळाच्या कामाची सबब सांगते, त्याला चार-चार मिनिटे. शेवटाला चार, आणि बाहुल्यांनी पुढे येऊन मुलांशी हात मिळवायला दोन. एकूण वीस मिनिटे.

यातले खरे मर्म ठोठावण्यानंतरच्या थांबण्यात आहे. दार उघडत नाही, म्हणून काऊ मुलांकडे वळतो आणि विचारतो, "ही घरात आहे ना?" त्यानंतर भाचीने मनातल्या मनात तीन आकडे मोजायचे आणि अजिबात बोलायचे नाही. हे फार कठीण जाते. शांतता पडली की नवख्याला खेळ पडल्यासारखा वाटतो, आणि तो घाईने स्वतःच उत्तर देतो. एकदा असे झाले, की आपल्या बोलण्याची इथे गरज नाही हे मुले ओळखतात आणि पुन्हा तोंड उघडत नाहीत. थांबले तर दुसऱ्या आकड्याला एखादे मूल "हो" म्हणते. दुसऱ्या ठोठावण्याला दहा मुले म्हणतात, आणि तिसऱ्याला चिऊची सबब तीच सांगतात. मग भाचीचे काम निम्मे होते.

पहिला खेळ तिने सिडकोतल्या शेजारणीकडे फुकट केला. दोन खोल्यांमधल्या दाराच्या चौकटीला दोरी बांधून तिच्यावर आईची गर्द निळी साडी सोडली. आत ती गुडघ्यांवर बसली. चौकट हा घरगुती खेळाचा उत्तम रंगमंच असतो, कारण मुलांना बाजूने आत घुसता येत नाही. मात्र मागच्या खोलीचा दिवा आधी मालवावा लागतो, नाहीतर बाहुल्यांचे चेहरे काळे दिसतात. एप्रिलचे दिवस होते आणि कूलर घरघरत होता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हणणे धाडसाचेच, पण त्या आवाजात पडद्याआडचे बोलणे तिसऱ्या ओळीलाही पोचत नाही. वीस मिनिटे बंद, असा करार झाला.

खेळ रंगला आणि शेवटाला एक पेच पडला. मूळ गोष्टीत कावळा शेवटी पोळतो. चिऊने दार उघडले, काऊ कुडकुडत आत आला, आणि पुढे काही होण्याआधीच पाच वर्षांची एक मुलगी उठली. स्वयंपाकघरातून हात पुसायचा पंचा घेऊन ती पडद्याशी आली आणि तिने काऊचे डोके पुसायला सुरुवात केली. भाचीने काऊला तसेच उभे धरले. सारी खोली गप्प होती. पुसणे संपल्यावर काऊ हळूच म्हणाला, "आता बरं वाटतंय." त्या दिवसापासून कावळा पोळत नाही. पडद्यापाशी एक पंचा घडी करून ठेवलेला असतो, आणि कोणते ना कोणते मूल तो उचलतेच.

त्या खोलीत आठ आया बसल्या होत्या. पुढची दोन आमंत्रणे त्यांच्यातूनच आली. कागदी जाहिराती तिने छापून पाहिल्या होत्या, त्यांतून एकही फोन आला नाही. आपल्या मुलाला वीस मिनिटे बसलेला जिने डोळ्यांनी पाहिला, तीच आई पैसे देऊन बोलावते. म्हणून खेळ संपला की भाची लगेच सामान आवरत नाही. काऊ हातात ठेवून दाराशी उभी राहते आणि मुलांना निरोप देते. आया तिथेच नंबर मागतात.

फोन आला की ती वहीत पाच गोष्टी लिहून घेते: मुले किती, वये काय, केक किती वाजता, दार कुठे आणि निम्मे पैसे आगाऊ. प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. तीन वर्षांखालची मुले जवळून बाहुली पाहून घाबरतात, त्यांना आईच्या मांडीवर आणि मागे बसवावे लागते. नऊच्या पुढची साडीखाली वाकून हात शोधतात. त्यांना जादूचे प्रयोग हवे असतात, कारण त्यांना पकडण्यात गंमत वाटते. केकनंतर खेळ ती घेत नाही. तोंड गोड झालेले आणि भेटवस्तू दिसलेले मूल कोणाचेच ऐकत नाही.

तिला सगळ्यात महाग शिकवण मिळाली ती गणेशोत्सवात. एका मंडळाने तिप्पट पैसे देऊ केले आणि तिने होकार दिला. समोर तीनशे माणसे, मागे ध्वनिक्षेपक, आणि संत्र्याएवढी डोकी. पाचव्या ओळीपासून कोणाला काही दिसेना. काऊने प्रश्न विचारला, पण मागच्यांना तो कोण बोलतो हेच कळले नाही. सहाव्या मिनिटाला कोणीतरी गाणे लावले. घरी येऊन ती बराच वेळ बोलली नाही. नंतर तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिले: चाळीस मुले, चार ओळी, त्याहून जास्त नाही. मोठ्या जमावासाठी मोठ्या बाहुल्या आणि वेगळा खेळ लागतो. हाच खेळ मोठ्याने बोलून मोठा होत नाही.

आज महिन्याला तिचे पाच-सहा खेळ होतात. मार्चमध्ये परीक्षांमुळे एखादाच, मे महिन्यात शिबिरांमुळे जास्त. यावर घर चालत नाही. शिकवण्या सुरूच आहेत, पण बी. एड.ची फी यातून भरली गेली. गेल्या महिन्यात एका खेळाच्या आधी फळी फुटली. मेव्हण्यांनी न विचारता सागवानाचा तुकडा आणला, रंधा मारला, आणि कानाशी धरून बोटाने ठोकून पाहिला. "हिचा आवाज शेवटच्या ओळीला जाईल," ते म्हणाले.