डब्याच्या मागची बाजू

साठी-सत्तरीच्या रुग्णांना दात काढल्यानंतरचे काही दिवस काय खावे, हा प्रश्न नेहमी पडतो. चावता येत नाही, गरम सोसत नाही. अशा वेळी मी वर्षानुवर्षे एक वाक्य सहज बोलून जात असे : ‘आइस्क्रीम द्या, दूधच आहे ते.’ या वाक्यातला उत्तरार्ध चुकीचा होता, हे मला एका आजींच्या वजनाने शिकवले.

आजींचे वय ७४. खालचे उरलेले दात काढलेले, कवळी अजून व्हायची होती. सहा आठवड्यांनी त्या तपासणीला आल्या, तेव्हा त्यांचे वजन ४८ किलोंवरून ४५ वर आले होते. रक्त तपासले, छाती तपासली. वेगळा आजार काही सापडला नाही. मग जेवणाची चौकशी केली. सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही सांगितल्यापासून आईंचे सकाळ-संध्याकाळचे दूध बंद करून दोन कप आइस्क्रीम देते. त्यांना आवडते, आणि डब्यावर मिल्क सॉलिड्स लिहिलेलेही आहे.” मी त्यांना डबा घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामा, धुऊन खोवलेल्या नारळासाठी ठेवलेला डबा आणला. मागची छपाई मात्र शाबूत होती. तीच आपण आता एकत्र वाचू.

डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत चव होती आणि एका कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिले होते, फ्रोझन डेझर्ट. आइस्क्रीम हा शब्द कोठेही नव्हता. हा फरक कायद्याने ठरवलेला आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असावा लागतो. फ्रोझन डेझर्टमध्येही स्निग्धांश किमान १० टक्केच असतो, पण तो खाद्य वनस्पती तेलाचा किंवा दुधाचा स्निग्धांश आणि तेल यांच्या मिश्रणाचा असू शकतो, आणि तसे वेष्टनावर लिहावे लागते. दोन्हींतील प्रथिनांची किमान मर्यादा एकच आहे, साडेतीन टक्के. म्हणजे फरक स्निग्धांश कोठून आला एवढ्याचाच आहे. आइस्क्रीममध्ये ‘मीडियम फॅट’ आणि ‘लो फॅट’ असे कमी स्निग्धांशाचे प्रकारही असतात. त्यांचे नाव तसेच छापलेले असते.

मग घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स कसे? यादीतला क्रम वजनाप्रमाणे असतो, जे अधिक ते आधी. आजींच्या डब्यावर पाणी, साखर, मिल्क सॉलिड्स, खाद्य वनस्पती तेल (पाम), लिक्विड ग्लुकोज असा क्रम होता. दुधातले पाणी उडवले की जे मागे उरते, ते मिल्क सॉलिड्स. त्यात दुधाचा स्निग्धांश असू शकतो. पण स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी असेल, तर तेही मिल्क सॉलिड्सच. अशा भुकटीचा सुमारे निम्मा भाग दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज असतो, आणि साधारण एक तृतीयांश प्रथिने. दुधाचा स्निग्धांश नसला, तरी दुधाचा अंश तेथे असतो. त्यामुळे ज्यांना दुधाने पोट फुगते, त्यांना फ्रोझन डेझर्टनेही तोच त्रास होऊ शकतो. आणि मिल्क सॉलिड्स हे शब्द दिसले म्हणून डब्यात पेलाभर दूध आले, असेही होत नाही.

आता पोषणाचा तक्ता पाहू. त्यात १०० ग्रॅममागे प्रथिने साडेतीन ग्रॅम होती. येथेच बहुतेकांची फसगत होते, कारण आपण कप मिलिलिटरमध्ये मोजतो आणि तक्ता ग्रॅममध्ये असतो. गोठवताना त्यात हवा फेटलेली असते. १०० मिलिलिटरचा कप भरला, तरी त्याचे वजन साधारण ५५ ग्रॅम भरते. म्हणजे एका कपात प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम, दोन कपांत चार. २०० मिलिलिटरच्या एका पेलाभर दुधात ती साडेसहा ग्रॅमच्या आसपास असतात, दोन पेल्यांत तेरा. आजींच्या आहारातून रोज नऊ ग्रॅम प्रथिने अशी निघून गेली. ४५ किलोंच्या वृद्ध व्यक्तीला दिवसाला ४५ ग्रॅमच्या जवळपास प्रथिने मिळावीत, असे मी मानतो. त्यात नऊ ग्रॅम कमी नव्हेत. शिवाय गोड खाल्ल्यावर भूक मरते, म्हणून वरणभातही घटला होता. आणि हे अस्सल आइस्क्रीम असते, तरी प्रथिनांचा हिशेब फारसा बदलला नसता. चूक डब्यापेक्षा माझ्या सल्ल्याची अधिक होती.

याच घरात आजोबाही आहेत, वय ७८, बायपास झालेली. डब्यावर ‘कोलेस्टेरॉल ०’ पाहून त्यांनी तो आपला मानला होता. हे विधान खरे असू शकते, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच असते. वनस्पती तेलात ते नसते. पण आपल्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत तयार करते, आणि ते वाढवण्यात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा वाटा मोठा असतो. पाम तेलाचा सुमारे निम्मा भाग संपृक्त असतो. खोबरेल आणि पामच्या बियांचे तेल यांत तो त्याहूनही बराच अधिक. दुधाच्या स्निग्धांशाचा साधारण ६० ते ६५ टक्के भाग संपृक्त असतो. म्हणून आइस्क्रीम विषारी आणि डेझर्ट निर्दोष, किंवा याच्या उलट, असे दोन्हीही म्हणता येत नाही. आजोबांसाठी पाहायची ओळ होती सॅच्युरेटेड फॅट आणि तिच्या जवळची अ‍ॅडेड शुगर. मधुमेह असलेल्यांनी दुसरी ओळ आधी पाहावी. त्या डब्यात एका कपामागे नऊ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे दोन चहाचे चमचे साखर वरून घातलेली होती.

आजींना आम्ही दूध परत सुरू केले. कोमट, रात्री थोडी नाचणीची पेज. दुपारी घट्ट वरण मऊ भातात कालवून, सोबत दही, आणि दिवसातून एकदा कुस्करलेले पनीर. आइस्क्रीम बंद केले नाही. ते त्यांचा आनंद होता, आणि सुजलेल्या हिरड्यांना गारव्याने बरे वाटत होते. ते फक्त जेवणानंतर, अर्ध्या कपापुरते राहिले. दोन महिन्यांत कवळी बसली आणि वजन ४७ किलोंवर आले. आजोबांनीही आता आठवड्यातून एकदाच, तोच अर्धा कप, असे ठरवले आहे.

आपल्या घरच्या डब्यावर हे तिन्ही पाहून घ्या : कोपऱ्यातले नाव, घटकांच्या यादीत स्निग्धांश कशाचा आहे ते, आणि तक्त्यातील प्रथिने व साखर कपाच्या वजनाला लागू करून. दुकानदाराच्या फळ्यावर किंवा लग्नाच्या पंगतीत ‘आइस्क्रीम’ म्हटलेले असले, तरी ते नाव वेष्टनावर पडताळून पाहता येते. चवीवरून वा वितळण्यावरून ओळखता येत नाही.

आजी अजून मला चिडवतात. परवा तपासून निघताना म्हणाल्या, “डॉक्टर, आज दूधच घेतले, बरं का! डब्यातले नव्हे, भांड्यातले.”