एका बाटलीचे चार आकडे

आमच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूडखालच्या कपाटात नायट्रिक अ‍ॅसिडच्या अडीच-अडीच लिटरच्या बाटल्या असतात. आम्ही धातूंचे नमुने विरघळवून त्यांत काय काय आहे ते मोजतो, त्यामुळे हे अ‍ॅसिड आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या तेलासारखं संपतं. सोनार सोनं तपासायला जे तेजाब वापरतो ते मूळचं हेच. इथे अमेरिकेत बाटलीवर लिहिलेलं असतं: ६८ ते ७० टक्के. पुढे घनता, आणि बस. मोलॅरिटी, मोलॅलिटी, मोल फ्रॅक्शन हे बाकीचे आकडे ज्याचे त्याने काढून घ्यायचे.

बारावीत हे सगळ्यांनी केलेलं असतं. सूत्रं पाठ, उदाहरणं पाठ, पाच मार्क खिशात. तेव्हा वाटायचं की एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगायचा हा रिकामा उद्योग आहे. चार आकडे एकाच बाटलीचे असले तरी ते एकाच जातीचे नाहीत, हे मला बाटली हातात आल्यावर कळलं. तीन एका घरचे आहेत आणि एक परक्या घरचा. तो परका कोण हे ओळखलं की पाठांतर लागत नाही.

आधी हिशेब करू. सूत्र बाजूला ठेवा आणि डोळ्यांसमोर बरोबर १०० ग्रॅम द्रावण आणा. ६८ टक्के म्हणजे त्यात ६८ ग्रॅम अ‍ॅसिड आणि ३२ ग्रॅम पाणी. नायट्रिक अ‍ॅसिडचा एक मोल ६३.०१ ग्रॅमचा, म्हणून अ‍ॅसिड झालं १.०७९ मोल. पाण्याचा मोल १८.०१५ ग्रॅमचा, म्हणून पाणी झालं १.७७६ मोल.

आता मोल फ्रॅक्शन म्हणजे एकूण मोलांपैकी अ‍ॅसिडचे किती: १.०७९ भागिले २.८५५, म्हणजे ०.३७८. सोप्या भाषेत, अ‍ॅसिडचे तीन रेणू असतील तर पाण्याचे साधारण पाच. मोलॅलिटी म्हणजे एक किलो पाण्यामागे अ‍ॅसिडचे किती मोल: १.०७९ भागिले ०.०३२, म्हणजे ३३.७. दोन्ही उत्तरं आली, आणि अजून आपण घनतेला हातही लावलेला नाही. टक्केवारी, मोलॅलिटी आणि मोल फ्रॅक्शन या तिघांना फक्त तराजू लागतो. हे एका घरचे.

मोलॅरिटी मात्र एक लिटर द्रावणामागे मोल विचारते, आणि लिटर तराजूवर मोजता येत नाही. आपल्या १०० ग्रॅमने किती जागा व्यापली हे घनतेनेच कळतं. ६८ टक्क्यांच्या अ‍ॅसिडची घनता २० अंश सेल्सियसला सुमारे १.४०५ ग्रॅम प्रति मिलिलिटर. म्हणजे १०० ग्रॅम मावले ७१.२ मिलिलिटरमध्ये, आणि मोलॅरिटी आली १५.२. हा परक्या घरचा आकडा. तो तापमानाबरोबरही हलतो: द्रावण दहा अंशांनी तापलं की फुगतं आणि मोलॅरिटी साधारण एक टक्क्याने उतरते. बाकीचे तिघे जागचे हलत नाहीत, कारण गरम केल्याने वजन बदलत नाही.

हे सगळं लिहायला बसलो त्याला कारण माझी भाची. ती यंदा बारावीला आहे. तिने फोनवर एका उदाहरणाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "मामा, माझं उत्तर १६.२३ येतंय. पुस्तकातही तेच आहे. पण तू म्हणाला होतास की तुमच्या बाटलीतलं पंधराच्या आसपास असतं. मग तुमचं अ‍ॅसिड पाणचट आहे का?"

उदाहरण जुनंच आहे, आपल्याकडच्या बारावीच्या पुस्तकांत आणि गाइडांत वर्षानुवर्षं फिरतंय. प्रयोगशाळेतलं नायट्रिक अ‍ॅसिड वजनाने ६८ टक्के, घनता १.५०४, तर मोलॅरिटी किती? भाचीचा गुणाकार-भागाकार अगदी चोख होता: १०० ग्रॅमचे ६६.५ मिलिलिटर, आणि १.०७९ मोल भागिले ०.०६६५ लिटर म्हणजे १६.२३. परीक्षेत हेच लिहायचं, पूर्ण मार्क मिळतील.

फक्त असं अ‍ॅसिड जगात नाही. २० अंशांना १.५०४ घनता असते ती जवळजवळ ९९ टक्के नायट्रिक अ‍ॅसिडची. ते बाटली उघडताच धूर सोडतं, आणि त्याची खरी मोलॅरिटी २३.६ च्या आसपास येते. उदाहरणात टक्केवारी एका बाटलीची आणि घनता दुसऱ्या बाटलीची, असं लग्न लागलेलं आहे. सूत्राला ते समजत नाही. त्याला दोन आकडे द्या, ते तिसरा देतं.

"मग मला कसं कळणार?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता.

एक खूण कागदावरच सापडते. आमच्या बाटलीची वरची मर्यादा ७० टक्के. त्याची घनता १.४१३, आणि वरच्यासारखाच हिशेब केला की मोलॅरिटी येते १५.७. आता ७० टक्क्यांचं अ‍ॅसिड १५.७ आणि त्याहून पातळ ६८ टक्क्यांचं १६.२, हे कसं शक्य आहे? जास्त टक्क्यांची घनता जास्त असेल तर तिची मोलॅरिटीही जास्तच असायला हवी. शेजारच्या टक्केवारीचं उत्तर काढून बघितलं की असा उलटा क्रम लगेच डोळ्यांत खुपतो.

दुसरी खूण तराजूची, आणि ती निर्णायक. हूडमध्ये, हातमोजे आणि गॉगल घालून, दहा मिलिलिटर अ‍ॅसिड पिपेटने झाकणाच्या बाटलीत घ्यायचं आणि वजन करायचं. १४.०५ ग्रॅमच्या आसपास भरलं तर ६८ टक्के. १५.०४ भरलं तर ती वेगळीच बाटली आहे, तिला झाकण लावा. भाचीला हे करायला मी अर्थातच सांगितलं नाही. पण घनता ही पुस्तकात दिलेली नव्हे तर मोजायची गोष्ट आहे, एवढं तिला पटलं.

समजा कुणी १६.२३ वर विश्वास ठेवून एक मोलरचं एक लिटर द्रावण करायला घेतलं. तो हजार भागिले १६.२३ करून ६१.६ मिलिलिटर अ‍ॅसिड घेईल, ते थोडं थोडं करून पाण्यात ओतेल (पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही) आणि एक लिटर पूर्ण करेल. खरं तर ६६ मिलिलिटर हवं होतं. त्याचं द्रावण ०.९३ मोलरचं झालं, साडेसहा टक्के कमी. सोडियम कार्बोनेटचं वजन करून टायट्रेशन केलं तर ते उघडं पडेल. नाही केलं तर पुढचे सगळे निकाल तेवढ्याने वाकडे जातील.

पण खरी गंमत उलट्या वाटेवर आहे. आता त्याच १६.२३ वरून कुणाला मोलॅलिटी काढायची आहे आणि त्याच्याकडे घनता मात्र बरोबर आहे, १.४०५. एक लिटर द्रावण १४०५ ग्रॅमचं. त्यात अ‍ॅसिड १६.२३ गुणिले ६३.०१, म्हणजे १०२३ ग्रॅम. उरलेलं पाणी ३८२ ग्रॅम. मोलॅलिटी आली १६.२३ भागिले ०.३८२, म्हणजे साडेबेचाळीसच्या आसपास. खरी होती ३३.७. मोलॅरिटीतली सात टक्क्यांची चूक इथे सव्वीस टक्के झाली.

असं का व्हावं? तीव्र अ‍ॅसिडात पाणी ही वजाबाकीतून उरणारी गोष्ट असते. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून जे थोडं उरतं, त्यात वरच्या दोघांची सगळी चूक जमा होते. पगारातून घरभाडं वजा केल्यावर उरलेल्या पैशांसारखं हे आहे: भाडं थोडंसं चढलं तरी शिल्लक निम्मी होते. मोलॅलिटी नेमक्या त्या शिलकीने भागते. म्हणून बाटलीवरच्या ६८ ते ७० या निष्पाप दिसणाऱ्या दोन टक्क्यांतही मोलॅरिटी १५.२ वरून १५.७ एवढीच सरकते, पण मोलॅलिटी ३३.७ वरून ३७ वर उडी मारते. द्रावण पातळ असतं तेव्हा असं होत नाही. पाणीच भरपूर असल्यामुळे मोलॅरिटी आणि मोलॅलिटी जवळजवळ एकच येतात, आणि शाळेत आपल्याला त्यांतला फरक केवळ व्याख्येपुरता वाटतो.

मग चार आकडे ठेवायचेच कशाला? कारण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पिपेटने मोजून द्रावण बनवायचं तर मोलॅरिटीच सोयीची. टँकरभर अ‍ॅसिड विकत घ्यायचं तर टक्केवारी, कारण वजनकाटा सगळीकडे असतो. तापमान बदलत असताना द्रावणाचे गुणधर्म अभ्यासायचे तर मोलॅलिटी. आणि वाफ व द्रव यांच्यात कोण किती, असा प्रश्न आला की मोल फ्रॅक्शन, कारण तिथे रेणूंची डोकी मोजायची असतात.

त्या डोकेमोजणीमुळेच ६८ हा आकडाही कळतो. तो कुणा कंपनीने ठरवलेला नाही. पातळ नायट्रिक अ‍ॅसिड उकळत ठेवलं की वाफेत पाणी जास्त जातं आणि मागे उरलेलं तीव्र होत जातं. असं होत होत ६८ टक्क्यांना, १२१ अंशांच्या आसपास, वाफ आणि द्रव यांची रचना एकच होते: तीन रेणू अ‍ॅसिड, पाच रेणू पाणी. इथून पुढे नेहमीच्या वायुदाबाला कितीही उकळा, टक्केवारी हलत नाही. त्यापुढे जायचं तर पाणी धरून ठेवायला सल्फ्युरिक अ‍ॅसिडासारखं काहीतरी घालावं लागतं. ती धूर सोडणारी, १.५०४ घनतेची बाटली अशाच वाटेने तयार होते.

भाचीला मी शेवटी एवढंच लिहून पाठवलं: आधी १०० ग्रॅम घे आणि तराजूचे तीन आकडे काढ. लिटर सगळ्यात शेवटी आण. आणि लिटर आणताना घनता कोणत्या टक्केवारीची, कोणत्या तापमानाची, हे त्या आकड्याशेजारीच लिहून ठेव. तिचं उत्तर आलं: "मामा, पेपरात १६.२३ च लिहिणार हं."

लिही बाई.